मूळ चित्र ऑनलाइन विकताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी पुण्याहून नागपूरला एक चित्र पाठवले. आकार २४ × ३६ इंच, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, विषय पावसाळ्यातला घाट. खोके शाबूत पोहोचले, कोपरेही धड होते. तरीही ग्राहक बाईंनी पाठवलेल्या छायाचित्रात आकाशाच्या निळ्या भागावर मटारच्या दाण्याएवढी गोल वर्तुळे ओळीने उमटलेली दिसली. ते बबल रॅपचे ठसे होते. चित्रावर चकचकीत जेल मीडियमचा जाड थर होता, ट्रकमध्ये तो उकाड्याने मऊ पडला आणि थेट त्यावर गुंडाळलेल्या प्लास्टिकचे फुगे त्यात रुतले.

पॅकिंग माझ्या मदतनिसाने केले होते, पण चूक त्याची नव्हती. त्याच्यासमोर माझेच लिस्टिंग होते आणि त्यात माध्यमापुढे ‘ॲक्रिलिक’ एवढा एकच शब्द होता. त्यानंतर माझ्या लक्षात आले की माध्यम, पृष्ठभाग, सही आणि फ्रेम यांबद्दलच्या ओळी वाचून ग्राहक चित्र घेतो आणि त्याच ओळी वाचून चित्र बांधलेही जाते. म्हणून पुढच्या चुका दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत.

माध्यम अर्धवट लिहिणे

ॲक्रिलिक रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, त्यामुळे तो ‘वाळला, आता काही होत नाही’ असा समज होतो. प्रत्यक्षात त्यातले प्लास्टिक उष्णतेने पुन्हा मऊ होते आणि थंडीत कडक, ठिसूळ होते. थर जितका जाड आणि चकचकीत, तितका चिकटण्याचा धोका मोठा. म्हणून ‘ॲक्रिलिक, जाड थर, वर चकचकीत जेल मीडियम’ असे पूर्ण लिहावे. या चित्राला स्पर्श करणारा पहिला थर सिलिकॉन लावलेल्या कागदाचा असावा. बेकिंगसाठी मिळणारा न चिकटणारा कागद याच जातीचा असतो. बबल रॅप त्याच्यावर गुंडाळावा आणि फुग्यांची बाजू बाहेर ठेवावी.

तैलरंगाचे गणित निराळे आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. पातळ थर काही दिवसांत किंवा दोन आठवड्यांत हाताला कोरडा लागतो, पण पॅलेट नाइफने चढवलेला थर आतून कित्येक महिने ओला राहू शकतो. शेवटचे वॉर्निश सहा महिने ते वर्षभर थांबून द्यावे अशी जुनी रीत आहे ती यासाठीच. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी दसऱ्याला संपवलेले चित्र ‘पूर्ण वाळलेले, वॉर्निश केलेले’ म्हणून विकणे योग्य नाही. चित्र कोणत्या महिन्यात पूर्ण झाले ते लिहावे आणि जाड भागात रंग ओला असेल तर पाठवण्याची तारीख सरळ पुढची द्यावी. तपासायचे असल्यास सर्वांत जाड जागी, कडेला, नख अगदी हलके टेकवावे. खूण उठली तर चित्र अजून खोक्यात जाण्याजोगे झालेले नाही.

‘मिक्स मीडिया’ हा शब्द एकटा वापरू नये. त्यात कोळसा किंवा पेस्टल असेल तर ते पुसले जाते, सोन्याचा वर्ख असेल तर ओरखडतो, चिकटवलेला कागद असेल तर दमट हवेत कडेने सुटतो. प्रत्येक घटकाची बांधणी वेगळी असल्यामुळे घटकांची नावे द्यावीत.

पृष्ठभाग आणि आकार

‘कॅनव्हास’ म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ताणलेला कॅनव्हास, पुठ्ठ्यावर चिकटवलेला कॅनव्हास बोर्ड किंवा नुसता सुटा कॅनव्हास, यांपैकी काहीही असू शकते. ग्राहकाच्या मनात बहुधा पहिलाच असतो. हाती कॅनव्हास बोर्ड पडला की फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि ते वाटणे चुकीचे नाही. कागदाच्या चित्राला कागदाचे वजन लिहावे, कारण ३०० जीएसएमचा कागद आणि वहीच्या पानाजवळ जाणारा पातळ कागद यांत हाताळणीचा मोठा फरक पडतो. कॅनव्हासवर छापून वरून ब्रशचे चार हात मारलेली प्रत कितीही सुंदर असली तरी तिला मूळ चित्र म्हणू नये. तिथे ‘छापील प्रत, वरून हाताने रंगवलेली’ असे स्पष्ट लिहावे.

आकारात उंची आधी की रुंदी आधी, याचा घोळ रोज होतो. ‘उंची २४, रुंदी ३६, जाडी दीड इंच’ असे शब्दांत लिहिले की तो मिटतो. जाडी बहुतेक जण गाळतात, पण पाठवण्याचा खर्च तिच्यावरही ठरतो.

माझ्याच चित्राचा हिशेब पाहा. चहूबाजूंनी सुमारे दोन इंच मोकळी जागा ठेवली तर खोके २८ × ४० × ६ इंचांचे, म्हणजे साधारण ७१ × १०२ × १५ सेंटिमीटरचे होते. बऱ्याच कुरिअर कंपन्या या तीन मापांचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात. उत्तर २१.७ किलो येते. तराजूवर खोके जेमतेम पाच किलो भरते, पण पैसे बावीस किलोचे लागतात. हा भाजक कंपनीप्रमाणे आणि सेवेप्रमाणे बदलतो, म्हणून तो आधी विचारून घ्यावा. मी तो न विचारताच ‘पाठवणी मोफत’ लिहिले होते. चित्राच्या किमतीतला मोठा हिस्सा त्यातच गेला.

हेच चित्र पट्ट्यांवरून उतरवून गुंडाळले असते, तर ८१ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीचा हिशेब ३.६ किलोवर आला असता. पण गुंडाळणे प्रत्येक चित्राला मानवत नाही. जाड थराचा रंग वाकवला की तडकतो, त्यामुळे घाटाचे हे चित्र गुंडाळताच आले नसते. पातळ थराचे ॲक्रिलिक गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवावी, कारण आत ठेवली तर रंग दाबला जाऊन सुरकुततो. आधी किमान चार इंच व्यासाच्या नळीवर कॅनव्हास सैलसर गुंडाळावा आणि मग ती नळी मोठ्या नळीत सरकवावी. बारीक नळीत कॅनव्हास कोंबणे ही सर्वांत स्वस्त दिसणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

सही

‘स्वाक्षरी आहे’ एवढ्याने ग्राहकाला काहीच कळत नाही. सही पुढे आहे की मागे, कोणत्या कोपऱ्यात, देवनागरीत की रोमनमध्ये, सोबत वर्ष आहे का, हे लिहावे आणि सहीचे जवळून काढलेले छायाचित्र द्यावे. मागच्या बाजूचे एक पूर्ण छायाचित्र देणे मला तर सक्तीचे वाटते, कारण कॅनव्हासची वीण, स्टेपल, पट्ट्या आणि मागची नोंद एकदम दिसते. सही माउंटवर किंवा फ्रेमवर असेल तर ती चित्रावरची सही नव्हे. वॉर्निशच्या वर केलेली सहीही टाळावी. पुढे कधी जुने वॉर्निश काढायची वेळ आली तर सही त्याच्याबरोबर निघून जाईल.

घरातले जुने चित्र विकणाऱ्यांनी इथे जास्त जपावे. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत राजा रविवर्मांच्या नावाची चित्रे आहेत आणि त्यांतली बहुतेक ओलिओग्राफ, म्हणजे छापील आहेत. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापांवरची सहीही छापलेलीच असते. दहापट भिंगातून पाहिले तर ब्रशच्या फटकाऱ्यांऐवजी रंगांचे बारीक ठिपके दिसतात. ओलिओग्राफला स्वतःची किंमत आहे, पण ती ओलिओग्राफ म्हणूनच.

फ्रेम आहे की नाही

बोलताना आपण कॅनव्हास ताणलेल्या लाकडी पट्ट्यांनाही फ्रेमच म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. त्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत बसवलेले बनावट दृश्य पहिलेच छायाचित्र म्हणून दिले की ग्राहक ती चौकट किमतीत धरतो. पहिले छायाचित्र चित्र जसे जाणार तसे असावे. मजकुरात ‘लाकडी पट्ट्यांवर ताणलेले, बाहेरची फ्रेम नाही, कडा रंगवलेल्या, मागे टांगण्याची तार लावलेली’ असे लिहावे. फ्रेम असेल तर चित्राचा आकार आणि फ्रेमसह आकार अशी दोन मापे द्यावीत.

जलरंगाचे चित्र काचेसह पाठवू नये. फुटलेली काच कागद कापते आणि मग काही उपाय उरत नाही. काचेच्या जागी ॲक्रिलिक शीट बसवावी, नाहीतर चित्र फ्रेमविना, दोन ताठ बोर्डांमध्ये सपाट पाठवावे.

पोहोचल्यावर दिसणारे दोष

ताणलेला कॅनव्हास खोक्यात घालण्याआधी मागच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी पाहाव्यात. प्रवासात त्या सुटतात, खालच्या पट्टीच्या आणि कापडाच्या मध्ये पडतात आणि चित्रावर पुढून टेंगूळ दिसते. ग्राहकाला वाटते, कुणीतरी ठोसा मारला. बांधताना पाचरींवर कागदी टेप लावला की हा प्रश्न येत नाही. तरी टेंगूळ दिसलेच तर पुढून दाबायचे नाही. चित्र उलटे धरून पाचर अलगद बाहेर काढायची. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला असेल, तर त्याच पाचरी कोपऱ्यांत हलक्या हाताने थोड्या ठोकल्या की ताण परत येतो.

कागद किंवा प्लास्टिक रंगाला चिकटलेले आढळले तर ते ओढून काढू नये. चित्र थंड खोलीत काही तास आडवे ठेवावे आणि मग एका कोपऱ्यापासून, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, सावकाश सोडवावे. रंग सुटू लागला तर तिथेच थांबून चित्रकाराला कळवावे. हिवाळ्यात अमेरिकेला किंवा युरोपला गेलेले ॲक्रिलिकचे खोके आल्या आल्या उघडू नये. घरातल्या तापमानात एक दिवस राहू द्यावे, कारण गारठलेला थर वाकला की तडकतो. गुंडाळून आलेल्या कॅनव्हासच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवे.

नागपूरचे चित्र मी परत मागवले. ठसे गेले नाहीत, आकाशाचा भाग पुन्हा रंगवावा लागला. दुसऱ्यांदा पाठवताना लिस्टिंग असे लिहिले आणि त्याचीच एक प्रत मदतनिसाला, एक खोक्याच्या आत दिली:

‘मूळ चित्र, एकच प्रत. ॲक्रिलिक, आकाशात जाड थर, वर चकचकीत जेल मीडियम. उष्णतेने मऊ होते. सुती कॅनव्हास, लाकडी पट्ट्यांवर ताणलेला. उंची २४, रुंदी ३६, जाडी दीड इंच. सही पुढे उजव्या खालच्या कोपऱ्यात, देवनागरीत. मागे शीर्षक आणि वर्ष. बाहेरची फ्रेम नाही, कडा रंगवलेल्या, मागे तार आहे. गुंडाळता येणार नाही. सिलिकॉनचा कागद, त्यावर दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा, कोपऱ्यांना फोम, मग बबल रॅप आणि दुहेरी खोके. पाठवणीचा खर्च वेगळा. एप्रिल आणि मे महिन्यांत पाठवले जाणार नाही.’