बॅकअप दर किती वेळाने? म्हापशातल्या दुकानाचा हिशेब

हार्डवेअरच्या दुकानात बिलिंगचा एकच कॉम्प्युटर आणि बॅकअप रोज रात्री ९ वाजता. हे पुरतं का, ते दोन आकडे ठरवल्यावर कळलं.

पहिला आकडा आरपीओ, म्हणजे किती वेळाचं काम गेलं तर चालेल. एरवी दिवसाला ६० बिलं होतात. कार्बन कॉपीवरून एक बिल परत घालायला २ मिनिटं, म्हणजे २ तास. चालवून घेता येतं. पण शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, १८० बिलं: ६ तास! म्हणून आरपीओ २ तास धरला आणि बॅकअप दर दीड तासाने लावला. दोन तासांनी का नाही? कॉपी पूर्ण व्हायला १० मिनिटं लागतात. ती संपायच्या आधीच मशीन बंद पडलं, तर आदली कॉपीच हाती उरते, आणि दोन तासांच्या अंतराने नुकसान १३० मिनिटांचं होतं; दीड तासाने १०० मिनिटांचंच.

दुसरा आरटीओ, दुकान किती वेळात परत सुरू व्हायला हवं. आम्ही ३ तास ठरवले. क्लाउडवरचा ४० जीबी डेटा २० एमबीपीएसने उतरवायलाच साडेचार तास लागतात, म्हणजे तिथेच गणित फसलं. बॅकअप कितीही वारंवार घेतला तरी हे सुटत नाही. शेवटी एक जुना लॅपटॉप सॉफ्टवेअर घालून तयार ठेवला आणि दुसरी कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर. डिस्क कॉपी झाली की काढायची. पावसाळ्यात वीज कडाडली की जोडलेलं सगळं एकदम जाऊ शकतं.

लॅपटॉपवर रिस्टोर करून पाहिलं: ५० मिनिटं. शेवटचा बिल नंबर जुळला.