मेडिकल टर्म्सची ग्लॉसरी लिहिताना या चुका टाळा

पायलोनेफ्रायटिस या शब्दासमोर पहिल्या वर्षाच्या वह्यांमध्ये 'किडनीत पू होणे' असं लिहिलेलं हमखास सापडतं. ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण अशा पेशंटच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स खरंच दिसतात. अर्थ जुळल्यासारखा वाटतो आणि वही पुढे सरकते. शब्द मात्र पुवाबद्दल काहीच सांगत नाही.

तो नीट फोडून पाहू. सुरुवात नेहमी शेवटच्या तुकड्यापासून करायची. 'आयटिस' म्हणजे दाह. त्याच्या आधी 'नेफ्र', ग्रीक मूळ, म्हणजे मूत्रपिंड. राहिलं 'पायलो'. याचं स्पेलिंग पी-वाय-ई-एल-ओ. याचा अर्थ रीनल पेल्व्हिस, म्हणजे मूत्रपिंडातला नरसाळ्याच्या आकाराचा भाग, जिथे लघवी गोळा होऊन मूत्रवाहिनीत उतरते. पुवाचं मूळ वेगळं आहे: पी-वाय-ओ, पायो. त्यात ई आणि एल नाहीत. म्हणून पायलोनेफ्रायटिस म्हणजे मूत्रपिंड आणि त्याच्या पेल्व्हिसचा दाह. अडथळ्यामुळे फुगलेल्या किडनीत पू साठला, तर त्याला पायोनेफ्रोसिस म्हणतात. दोन्ही शब्द एकाच वॉर्डात, कधी एकाच केस पेपरवर भेटतात. आणि इथला पेल्व्हिस म्हणजे कमरेचं हाड नव्हे, हेही त्याच ओळीत लिहून ठेवा. पुढची चूक तिथेच होते.

मधला 'ओ' कुठे ठेवायचा

तुकडे चुकीच्या जागी पडतात ते बहुतेक वेळा या जोडस्वरामुळे. शेवटचा तुकडा स्वराने सुरू होत असेल तर 'ओ' गळतो: गॅस्ट्र आणि आयटिस मिळून गॅस्ट्रायटिस. व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो: गॅस्ट्रोस्कोपी. इथपर्यंत बहुतेकांना येतं. घोळ होतो तो दोन अवयव एकत्र आल्यावर. जठर आणि आतडं, दोन्हींचा दाह लिहायचा म्हटल्यावर विद्यार्थी नियम लावून 'गॅस्ट्रेंटरायटिस' लिहितात, कारण 'एंटर' स्वराने सुरू होतो. पण दोन मुळांच्या मध्ये 'ओ' टिकतो, पुढचं मूळ स्वराने सुरू झालं तरी. म्हणून गॅस्ट्रोएंटरायटिस. 'कोले', म्हणजे पित्त, हे मूळ 'ओ'ऐवजी 'ए' घेऊन येतं, म्हणून कोलेलिथायसिस. आणि हृदयाच्या 'कार्डि'ला 'आयटिस' जोडताना दोन 'आय'पैकी एक गळतो: कार्डायटिस. असे अपवाद नियमाच्या शेजारीच लिहा, वहीच्या मागच्या पानावर नको.

टॉमी, स्टॉमी, एक्टमी

ही तीन शेपटं कानाला जवळची वाटतात, आणि पेशंटच्या काळजीत सगळ्यात जास्त फरक यांनीच पडतो. गॅस्ट्रोटॉमी म्हणजे जठराला छेद देणं. काम झाल्यावर तो शिवला जातो. गॅस्ट्रेक्टमी म्हणजे जठर किंवा त्याचा भाग काढून टाकणं. गॅस्ट्रोस्टॉमी म्हणजे पोटाच्या भिंतीतून जठरात कृत्रिम तोंड तयार करणं. तिथून ट्यूब येते, ट्यूबमधून फीड जातं, आणि ट्यूबभोवतीच्या त्वचेची काळजी तुमच्याकडे येते. हँडओव्हरमध्ये एक 'स' नीट ऐकू आला नाही तर तुम्ही भलत्याच तयारीने बेडपाशी पोहोचता.

'एक्टमी'च्या शेवटी 'टमी' दिसतं म्हणून ते 'टॉमी'च आहे असं धरून 'गॅस्ट्रेक' आणि 'टमी' असे तुकडे पाडणारेही असतात. 'गॅस्ट्रेक' असं मूळच नाही. पाडलेला तुकडा दुसऱ्या एकाही शब्दात सापडत नसेल, तर बहुधा काप चुकला आहे.

स्टॉमीबद्दल आणखी एक. स्टॉमी म्हटलं की पोटावर बॅग, हे कोलोस्टॉमी पाहून डोक्यात बसतं. पण गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमीत बाहेर काहीच नसतं. जठर आणि जेजुनम आतल्या आत जोडलेले असतात. शेपटाआधी दोन पोकळ अवयव दिसले तर हा जोड समजायचा, एकच दिसला तर साधारणपणे बाहेरचं तोंड. ट्रॅकिओटॉमी आणि ट्रॅकिओस्टॉमी मात्र वॉर्डात बरेच जण एकाच अर्थाने वापरतात. तिथे शब्दावर वाद न घालता पेशंटच्या गळ्याकडे पाहा.

देवनागरीत लिहिलं की फरक पुसतो

मराठी माध्यमातून आलेल्या मुली-मुलं उच्चार देवनागरीत लिहून ठेवतात. चांगली सवय आहे, पण एकट्या उच्चारावर विसंबू नका. 'इलियम' लिहिलंत तर ते लहान आतड्याचं शेवटचं टोक की कमरेचं हाड? इंग्रजीत मधलं अक्षर ई असेल तर आतडं, आय असेल तर हाड. इलिओस्टॉमी आतड्याची, इलियाक क्रेस्ट हाडाची.

तसंच कोलेक्टमी आणि कोलेसिस्टेक्टमी. पहिल्यात सी-ओ-एल, म्हणजे कोलन, मोठं आतडं. दुसऱ्यात सी-एच-ओ-एल-ई, म्हणजे पित्त. 'सिस्ट' म्हणजे पिशवी. दोन्ही मिळून पित्ताशय. घाईत मधला 'सिस्ट' खाल्ला तर पित्ताशयाच्या पेशंटचं मोठं आतडं कागदावर निघून गेलेलं असतं.

हायपोकॅलेमिया आणि हायपोकॅल्सेमियामध्ये तर एका 'ल्स'चाच फरक. 'कॅल' कॅलियमवरून आलं, म्हणजे पोटॅशियम. रिपोर्टमध्ये त्याची खूण K असते. 'कॅल्स' म्हणजे कॅल्शियम, खूण Ca. या जोडीसमोर वहीत रासायनिक खूण लिहाच, कारण रिपोर्टवर तीच दिसते.

स्वतः शब्द पाडू नका

तुकडे जमायला लागले की नवे शब्द बनवायचा मोह होतो. 'रीनल' म्हणजे मूत्रपिंडाचा, 'आयटिस' म्हणजे दाह, मग 'रीनायटिस'? असा शब्द वापरात नाही, नेफ्रायटिसच म्हणतात. साधारणपणे अवयवाचं वर्णन लॅटिन मुळाने होतं (रीनल आर्टरी), तर रोग आणि शस्त्रक्रियेला ग्रीक मूळ लागतं (नेफ्रेक्टमी). हा कल आहे, कायदा नाही. अपेंडिसायटिस आणि टॉन्सिलायटिसमध्ये लॅटिन मुळाला ग्रीक शेपूट बेधडक लावलेलं आहे. म्हणून मुळांवरून अर्थ ओळखा, पण ग्लॉसरीत जाणारा शब्द पुस्तकात छापलेला सापडला तरच लिहा.

उलट दिशेनेही फसायला होतं: तुकड्यांचा अर्थ म्हणजे व्याख्या नव्हे. ॲनिमियाचे तुकडे 'रक्त नसणे' असं सांगतात. प्रत्यक्षात रक्त असतं, हिमोग्लोबिन कमी असतं; गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 12 ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. म्हणून तुकड्यांचा अर्थ आणि व्याख्या असे दोन वेगळे रकाने आखा, आणि तिसऱ्यात त्या शब्दाचा फसवा शेजारी लिहा: पायलोसमोर पायो, कॅलसमोर कॅल्स.

पुस्तकाच्या सूचीत शब्द मिळत नसेल तर तो नाहीच असं ठरवण्याआधी ब्रिटिश स्पेलिंग पाहा. अन्ननलिका, म्हणजे इसोफॅगस, अमेरिकन पुस्तकात ईखाली असते आणि ब्रिटिश पुस्तकात ओखाली. सूज, म्हणजे इडिमा, तिचंही तसंच. वहीत दोन्ही स्पेलिंगं एकाच नोंदीत घ्या, नाहीतर एकच शब्द दोनदा शिरतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते दोन वेगळे आजार वाटायला लागतात.