थकलेल्या बिलाचा रागावलेला मेल साहेब वाचतील असा कसा करावा

भोसरीत टर्निंगच्या जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या अण्णांनी रात्री अकराला मला एक मेल दाखवायला पाठवला. खाली एकच ओळ होती : ‘सकाळी प्लँट हेडला टाकतो, एकदा नजर मार.’ मोजला तर 740 शब्द भरला. मूळ मजकूर अर्धामुर्धा इंग्रजीत होता, त्यातला एक तुकडा मराठीत देतो.

‘महोदय, गेली बावीस वर्षं आम्ही तुमच्या कंपनीचं काम इमानानं करतोय. लॉकडाउनमध्ये माणसं नव्हती तेव्हा मी स्वतः मशीनवर उभा राहिलो, पण तुमची लाइन थांबू दिली नाही. आणि आज आमच्यावरच ही वेळ! तुमच्या अकाउंट्सचे साहेब फोनच उचलत नाहीत. उचललाच तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच पाठ केलेलं उत्तर. या महिन्याचे पगार मी घरातलं सोनं ठेवून केले. आम्ही लहान आहोत म्हणून साधं उत्तरसुद्धा द्यावंसं वाटत नाही का?’

यातलं काही खोटं नव्हतं. पण किती रुपये अडकलेत ते सहाव्या परिच्छेदात आलं होतं, आणि साहेबांनी नेमकं काय करायचं ते कुठेच नव्हतं.

मी अकरा वर्षं एका कंपनीच्या खरेदी विभागात होतो, त्यामुळे असे मेल पलीकडच्या टेबलावर कसे पोचतात ते पाहिलंय. साहेब मेल मोबाइलवर उघडतात, तोही बहुतेक मीटिंगमध्ये. विषय दिसतो, खाली एखाददोन ओळी दिसतात. प्रकरण कोणाचं आहे एवढं कळलं की ते ‘प्लीज चेक अँड रिव्हर्ट’ लिहून मेल पुढे ढकलतात, म्हणजे तुमच्या मेलवर साहेब करतात ते खरं काम म्हणजे फॉरवर्ड. आणि तो जातो कोणाकडे? ज्यांनी फोन उचलला नाही म्हणून तुम्ही तक्रार केलीत, त्यांच्याकडेच! मग तो माणूस बिल शोधत नाही, आधी स्वतःचा बचाव लिहायला घेतो. ‘व्हेंडरनं चुकीच्या रेटनं बिल लावलंय’ असं एक वाक्य वर जातं आणि विषय मिटतो.

म्हणून मेल लहान करताना डोळ्यांसमोर दोन वाचक ठेवायचे : पुढे ढकलणारा साहेब, आणि ज्याच्या हातून काम होणार तो माणूस.

आधी मेल सुरक्षित ठेवा

लांब मेल लिहूच नये असं मी म्हणत नाही. लिहावा, पूर्ण लिहावा, फक्त पत्त्याच्या रकान्यात कोणाचं नाव टाकू नये. जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत घेता येतो, पण जास्तीत जास्त 30 सेकंदांत, आणि राग काही तेवढ्यात उतरत नाही. अण्णांना म्हटलं, ‘सकाळी नको, दुपारी बसू. येताना प्रिंट आणा.’

दोन पेनं घेऊन बसा

प्रिंटवर निळ्या पेनानं फक्त त्या गोष्टींखाली रेघ मारा, ज्या कागदावर दाखवता येतील : बिल, तारीख, रक्कम, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन, पाठवलेले मेल. लाल पेनानं मागणीखाली रेघ मारा. उरलेलं तसंच राहू द्या, खोडू नका.

अण्णांच्या तीन पानांत निळ्या रेघा नऊ निघाल्या, लाल एकही नाही. ‘न्याय द्यावा’ याखाली ते लाल रेघ मारायला निघाले होते. मी विचारलं, ‘साहेबांनी न्याय द्यायचं ठरवलं, तर ते कोणाला फोन करतील आणि काय सांगतील?’ अण्णा गप्प झाले. हा प्रश्न प्रत्येक मागणीला विचारा. फोनवर एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ती अजून मागणी झालेली नाही.

मग निळ्या रेघांचा तक्ता केला आणि तिथे खरी गोष्ट उघडी पडली. बिलं तीन होती, मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांची. पहिलं 2,96,400 रुपयांचं, देय 20 जूनला. दुसरं 3,11,200 रुपयांचं, देय 11 जुलैला. तिसरं 2,35,000 रुपयांचं, देय 26 जुलैला. एकूण 8,42,600. मेल 9 सप्टेंबरला जाणार होता, म्हणजे पहिल्याला 81 दिवस उशीर झालेला.

पण दुसरं बिल ज्या कारणासाठी अडकलं होतं ते वेगळंच होतं. मालाचे भाव वाढले म्हणून खरेदी विभागानं नवा दर मेलवर मान्य केला होता, पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, मात्र तो बदललाच नव्हता. बिलाचा दर आणि पीओचा दर जुळत नाही म्हटल्यावर सिस्टीमनं ते अडवलं. अकाउंट्सवाल्यांनी ठरवलं असतं तरी ते सोडता आलं नसतं! उरलेल्या दोन बिलांत अशी काही अडचण नव्हती, ती नुसती पडून होती. रागाच्या मेलमध्ये ही तिन्ही बिलं ‘आमचे पैसे’ या एकाच गाठोड्यात होती. गाठोडं सोडल्यावर दोन विभागांकडे दोन मागण्या झाल्या. मेल आखडायला बसलं की असं बऱ्याचदा होतं : शब्द कमी होण्याआधी भांडण नेमकं कोणाशी आहे ते कळतं.

भावनेच्या जागी तिचा पुरावा

न रेघलेल्या वाक्यांपुढे एकेक करून विचारा : हे कशावरून वाटलं? ‘आम्हाला वाऱ्यावर सोडलं’ कशावरून, तर 2, 14 आणि 28 ऑगस्टच्या मेलना उत्तर नाही. ही तारखांची ओळ मेलमध्ये ठेवायची, वाऱ्यावरची काढायची. ‘लाइन थांबू दिली नाही’ याचं कागदावरचं रूप म्हणजे ‘2003 पासूनचे पुरवठादार’. ते सहीखाली बसलं. सोन्याचं मात्र काढलं. अण्णांना ते लागलं. ‘तेच तर खरं आहे,’ म्हणाले. खरं आहे, पण तो मेल पंधरा जणांच्या पडद्यावर फिरणार, आणि तुमच्या घरातल्या सोन्याचं पुढच्या वेळी दर ठरवताना कोणाला तरी आठवणार. गरजूकडून सूट मागणं सोपं असतं.

वाक्यं गेली तरी राग लहान शब्दांत लपून बसतो. मराठीत त्याचं आवडतं ठिकाण म्हणजे ‘च’ : ‘फोनच उचलत नाहीत’, ‘आमच्यावरच’. मग ‘साधं’, ‘निदान’, ‘सुद्धा’, ‘तरीही’, ‘वारंवार’. मेल झाल्यावर हे शब्द शोधून काढा आणि वाक्य त्यांच्याशिवाय वाचा. ‘तीन वेळा कळवूनही साधं उत्तरसुद्धा नाही’ याचं ‘तीन मेलना उत्तर आलेलं नाही’ होतं. माहिती तेवढीच राहिली, टोचणी गेली.

उलट बाजूलाही घसरायला होतं. राग काढता काढता माणूस ‘वेळ मिळाल्यास कृपया लक्ष घालावे’ इथे पोचतो. या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही, आणि न केल्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. तारीख आणि कृती ही दोन खुंटं हलवायची नाहीत.

कायद्याचं काय?

अण्णांच्या मेलचा शेवट ‘कोर्टात खेचू’ असा होता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे मुदत नेता येत नाही, आणि उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 2023 च्या वित्त कायद्यापासून अशी मुदत टळलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष चुकती केलेल्या वर्षातच खर्च म्हणून वजा करता येते. हे वित्त विभागाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून पहिल्या मेलात कलमं लिहू नका. उद्यम नोंदणी क्रमांक लिहा, बस. वाचणारा वाचतो. धमकी दिली की मेल विधी विभागाकडे जातो, आणि तिथून तो लवकर परत येत नाही.

तयार झालेला मेल

विषय : 3 बिले, रु. 8,42,600 थकीत – 20 सप्टेंबरपर्यंत दोन गोष्टी हव्यात

‘आदरणीय सर,
आमची तीन बिले देय तारखेनंतर 45 ते 81 दिवस थकली आहेत. आपल्याकडून दोन सूचना हव्या आहेत :
1. अकाउंट्स : बिल 1 आणि 3 (रु. 5,31,400) 20 सप्टेंबरपर्यंत चुकती करावीत. यांत कोणतीही त्रुटी आम्हाला कळवलेली नाही.
2. खरेदी : बिल 2 (रु. 3,11,200) पीओतील जुन्या दरामुळे अडकले आहे. नवा दर 18 एप्रिलच्या मेलने मान्य झाला आहे. त्यानुसार पीओ दुरुस्त व्हावा.
2, 14 आणि 28 ऑगस्टच्या मेलना उत्तर न आल्याने आपल्याला कळवत आहे. तिन्ही जीआरएन आणि दरमान्यतेचा मेल सोबत जोडला आहे.’

खाली नाव, मोबाइल, ‘2003 पासूनचे पुरवठादार’ आणि उद्यम क्रमांक.

कोणाचंही नाव नाही, विभागांची आहेत. साहेबांना फॉरवर्ड करताना वेगळं काही लिहावं लागत नाही, आणि ज्याच्याकडे जाईल त्याला आपला क्रमांक सापडतो. पाठवण्याआधी हा मेल स्वतःलाच पाठवून मोबाइलवर पाहा. न उघडता, नुसत्या यादीत, रक्कम आणि तारीख दिसली पाहिजे. विषय लांबला तर शेपूट कापली जाते, म्हणून रक्कम पुढे, ‘संदर्भ’, ‘विनंती’ वगैरे मागे किंवा नाहीच.

प्रत्येक मेल असा आखडू नये, हेही सांगून ठेवतो. कामावरचा छळ, अपघात, सुरक्षेतली हयगय अशा तक्रारींत बारीकसारीक तपशील हाच पुरावा असतो. तिथे वर पाच ओळी लिहा आणि सगळी हकिगत तारीखवार वेगळ्या कागदावर जोडा.

अण्णांच्या मेलला साहेबांचं उत्तर आलं नाही. दोन तासांनी खरेदीतून फोन आला की 18 एप्रिलचा तो मेल पुन्हा पाठवा, जोडलेली फाइल उघडत नाही. दोन बिलांचे पैसे 22 तारखेला आले. उरलेल्या दुसऱ्या बिलासाठी त्याच मेलच्या साखळीत एक ओळ टाकली : ‘सर, क्र. 1 पूर्ण झाले, आभार. क्र. 2 चा पीओ अजून दुरुस्त व्हायचा आहे.’ त्यातला ‘अजून’ अण्णांनी स्वतःहून खोडला.