लघवीतून रक्त गेलं आणि दुखलं नाही, तर काय करावं

लघवी करताना पाणी गुलाबी किंवा लाल दिसलं की माणूस घाबरतो. पण दुपारपर्यंत ती परत स्वच्छ झाली, तर तितक्याच लवकर विसरतोही. "उष्णता झाली असेल" म्हणत धण्या-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. दुखत असेल तर माणूस त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. न दुखणारं रक्त मात्र महिनोनमहिने घरातच राहतं, म्हणून हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

दुखण्यामागे बहुतेक वेळा अडथळा किंवा जंतुसंसर्ग असतो. मुतखडा किडनीतून मूत्राशयाकडे येणाऱ्या मूत्रवाहिनीत अडकला की कमरेच्या एका बाजूने निघणारी कळ जांघेपर्यंत उतरते. जंतुसंसर्गात जळजळ होते, घाईची लघवी होते, कधी ताप येतो. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर वाढणारी गाठ, जी कर्करोगाची असू शकते, सुरुवातीला कशालाच अडवत नाही, म्हणून ती दुखत नाही. तिच्यावरच्या नाजूक रक्तवाहिन्या मधूनच फुटतात, रक्त येतं, मग तिथेच गुठळी धरून थांबतं. पुढे आठवडे किंवा महिने काहीच दिसत नाही. याच काळात जे औषध घेतलं असेल त्याला गुण दिला जातो आणि गाठ वाढत राहते.

आधी नीट बघा

पुढची लघवी पारदर्शक काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात फोटो काढा. दोन दिवसांनी "लाल म्हणजे किती लाल?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा फोटो कामाला येतो. रंगाच्या गडदपणावरून गांभीर्य मात्र ठरवू नका, कारण लिटरभर लघवी लाल दिसायला मिलीलिटरभर रक्तही पुरतं.

लाल रंग धारेच्या सुरुवातीलाच आहे, शेवटच्या थेंबांत आहे की पूर्ण धारेत, हेही लिहून ठेवा. सुरुवातीचं रक्त सहसा मूत्रमार्गातून, म्हणजे मूत्राशयाखालच्या नळीतून येतं, शेवटचं मूत्राशयाच्या तोंडाशी किंवा प्रोस्टेटमधून, आणि पूर्ण धार लाल असेल तर उगम मूत्राशयात किंवा त्याच्या वर असतो. रंग कोऱ्या चहासारखा, फेस जास्त, सोबत चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज असेल, तर दोष किडनीच्या गाळणीत असू शकतो. तेव्हा किडनीविकारतज्ज्ञ लागतात. लहान मुलांत घसा दुखून गेल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी असं होऊ शकतं.

काही गोष्टी फसवतातही. आदल्या दिवशीचं बीट आणि टीबीची रिफाम्पिसिन गोळी लघवीला लालसर-नारिंगी करतात, आणि पाळीचं रक्त नमुन्यात मिसळतं. तरीही "बीट खाल्लं होतं" हा निष्कर्ष स्वतःच काढू नका. लघवीची साधी तपासणी ते स्वस्तात सांगते.

नमुना कसा द्यायचा

जमल्यास लॅबमध्येच जाऊन द्या. घरी बाटली भरून लोकलने तासभर नेली, तर मुंबईच्या उकाड्यात तांबड्या पेशी फुटू लागतात. मग लघवीत बुडवून बघायच्या तपासणीच्या पट्टीवर रक्त दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कमी सापडतात. जागा पाण्याने धुवा, पुरुषांनी कातडी मागे घ्या, पहिली धार सोडून द्या आणि मधली तीस-चाळीस मिलीलिटर निर्जंतुक डबीत धरा. साध्या तपासणीसोबत कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणीही सांगा. अँटिबायोटिकची गोळी घ्यायचीच असेल, तर कल्चरचा नमुना दिल्यानंतर. आधी गोळी घेतली तर जंतू उगवत नाहीत, आणि संसर्ग होता की नव्हता हे नंतर कळत नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात ३ किंवा त्याहून जास्त आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशी असतील, तर लघवीत रक्त आहे असं धरतात. जोरदार व्यायाम किंवा लांबची धाव झाली असेल, तर दोन-तीन दिवस आराम करून तपासणी पुन्हा करता येते. पण ही सवलत फक्त सूक्ष्मदर्शकात दिसलेल्या रक्ताला. डोळ्यांना दिसलेलं रक्त पुढच्या रिपोर्टमध्ये सापडलं नाही, तरी ते येऊन गेलेलंच आहे.

एक उदाहरण

समजा, लालबागचे ५६ वर्षांचे गृहस्थ आहेत, तीस वर्षांची विडी. सोमवारी सकाळी पूर्ण धार लाल, दुखणं शून्य. मेडिकलवाल्याने पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली आणि दुसऱ्याच दिवशी लघवी स्वच्छ झाली. तीन महिन्यांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी तपासणीत २५ ते ३० आरबीसी, पस सेल्स म्हणजे पूच्या पेशी फक्त २, कल्चरमध्ये वाढ नाही. म्हणजे जंतुसंसर्गाचा पुरावा नाही. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ठीक. मूत्राशय भरून केलेली सोनोग्राफी "नॉर्मल".

बरीच घरं इथेच थांबतात. सोनोग्राफीत किडनीतली गाठ, मोठा खडा, मूत्राशयातला मोठा उंचवटा दिसतो, पण लहान किंवा चपटी गाठ सुटू शकते आणि मूत्रवाहिनीचा बराच भाग दिसतच नाही. लघवीतल्या पेशींची तपासणी, म्हणजे सायटोलॉजी, निर्दोष आली तरी मंद वाढणारी गाठ नाही असं होत नाही. म्हणून या वयात, तंबाखूची सवय असताना, दोन गोष्टी उरतात: शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन, म्हणजे सीटी युरोग्राफी, आणि दुर्बिणीने मूत्राशयाची आतून पाहणी, म्हणजे सिस्टोस्कोपी. लवचिक दुर्बीण असेल तर मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून काही मिनिटांत ती होते. नंतर एक-दोन दिवस थोडी जळजळ, किंचित गुलाबी लघवी अपेक्षित असते.

या गृहस्थांना सिस्टोस्कोपीत लहानशी गाठ दिसली, तर भूल देऊन ती दुर्बिणीतूनच खरवडून तपासायला पाठवतात. अस्तरापुरती असेल तर मूत्राशय वाचतो, पण तिला पुन्हा उगवण्याची सवय असल्याने दुर्बिणीची तपासणी वर्षानुवर्षं चालू राहते. स्नायूपर्यंत उतरली असेल, तर मूत्राशय काढणं किंवा किरणोपचार-केमोथेरपी असे मोठे उपचार येतात. वाया गेलेले मधले तीन महिने हाच फरक घडवू शकतात.

कुठे आणि कधी जायचं

केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत युरोलॉजीची ओपीडी आहे. केस पेपर काढताना "लघवीतून डोळ्यांना दिसलेलं रक्त, दुखत नाही" हे शब्द तसेच सांगा आणि जुने रिपोर्ट, फोटो, औषधांची यादी सोबत न्या. वय ४५च्या पुढे असेल आणि संसर्ग सापडला नसेल, तर रक्त थांबलं तरी काही दिवसांत दाखवा. संसर्ग सापडून बरा झाला, तरी औषध संपल्यावर लघवी पुन्हा तपासा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका आणि सगळा दोष तिलाच देऊ नका. गोळीमुळे आधीच असलेली गाठ लवकर रक्त दाखवू शकते.

गुठळ्या पडून लघवी अडली, कळीसोबत थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात किंवा चक्कर येऊ लागली, तर ओपीडीची वाट न पाहता कॅज्युअल्टीत जा. गुठळ्यांनी मूत्राशय तुंबला असेल तर जाड कॅथेटर घालून धुवावा लागतो, ते घरी पाणी पिऊन सुटत नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे आणि कमी, गडद लघवी असेल, तर लेप्टोची शंका धरून त्याच दिवशी जा.