पहिल्या स्टेज शोमध्ये कॉलेज बँड हमखास करतात त्या चुका

डिसेंबर ते फेब्रुवारी हा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या कॉलेजांच्या गॅदरिंगचा हंगाम असतो. त्या काळात कधी मिक्सरवर बसून, तर कधी स्टेजच्या कडेला उभे राहून मी नव्या बँडचे पहिले कार्यक्रम बघत असतो. या मुलांची वाजवण्याची तयारी बहुतेक वेळा चांगली असते. कार्यक्रम फसतो तो सरावाच्या खोलीत जे चालले तेच स्टेजवर चालेल असे गृहीत धरल्यामुळे. खाली दिलेल्या चुकांपैकी दोन मला सर्वांत जास्त खटकतात, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

“माझा आवाज वाढवा” हे एकच उत्तर माहीत असणे

टिळकवाडीतल्या एखाद्या लहान खोलीत सराव करताना सगळ्यांचा आवाज भिंतींवरून परत येतो आणि प्रत्येकाला सर्वांचे वाजवणे ऐकू येते. स्टेजवर, विशेषतः उघड्या मैदानावरच्या स्टेजवर, अशा भिंती नसतात. समोरचे मोठे स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून असतात आणि गायकाला स्वतःचा आवाज मिळतो तो पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून. हा मॉनिटर किती वाढवता येईल याला मर्यादा असते, कारण त्यातून निघालेला आवाज गायकाच्याच माईकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा मॉनिटरमध्ये येतो आणि हे चक्र एका पातळीपलीकडे गेले की शिट्टी सुरू होते. मिक्सरवाला कितीही कुशल असला तरी ही मर्यादा त्याला नाहीशी करता येत नाही. ड्रम आणि गिटारचा अँप्लिफायर त्या मर्यादेपेक्षा मोठ्याने वाजत असतील, तर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येणे शक्यच नसते.

खानापूरकडच्या एका कॉलेजच्या मैदानावर हे सगळे एकाच गाण्यात घडताना मी पाहिले. पाच जणांचा बँड होता: ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड आणि गाणारी एक मुलगी. दुपारच्या साऊंड चेकला सगळे व्यवस्थित होते, कारण रिकाम्या मैदानासमोर सगळेच जण अर्ध्या जोराने वाजवत होते. संध्याकाळी समोर गर्दी दिसताच ड्रमरचा हात चढला. ड्रममुळे गिटार ऐकू येईना, म्हणून गिटारवाल्याने अँप्लिफायर वाढवला. आता गायिकेला स्वतःचा आवाज मिळेना, म्हणून तिने मिक्सरवाल्याकडे पाहून बोट वर केले. त्याने मॉनिटर वाढवला, शिट्टी वाजली, आणि तिने घाबरून माईकची जाळी मुठीत आवळली. यामुळे शिट्टी आणखी वाढली. समोरच्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले आणि उरलेले गाणे ती अंदाजाने, अर्धा सूर चढून गात राहिली.

जाळी मुठीत धरल्यावर काय होते हे प्रत्येक गायकाने समजून घेतले पाहिजे. स्टेजवरचा नेहमीचा माईक समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो. हे टाळणे शक्य होते ते जाळीखालच्या मागच्या फटींमुळे. त्या फटी हाताने झाकल्या की माईक चारही बाजूंचा आवाज घेऊ लागतो, मॉनिटरचाही. व्हिडिओत दिसणारी ती पकड आकर्षक वाटते म्हणून उचलू नये. माईक दांड्यालाच धरावा. साध्या कार्डिऑइड माईकची शेपटी मॉनिटरकडे असावी, कारण तो नेमका मागून सर्वांत कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड माईक मागून थोडा ऐकतो, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर समोर न ठेवता किंचित डाव्या किंवा उजव्या बाजूला सरकवावा. कोणता माईक आहे हे मिक्सरवाल्याला विचारून घ्यावे. मधल्या संगीताच्या वेळी हात मांडीशी सोडून माईकचे तोंड थेट मॉनिटरवर रोखण्याची सवयही घातक आहे. गात नसताना माईक छातीशी धरावा.

त्या दिवशी दुसऱ्या गाण्यानंतर मी स्टेजवर गेलो, तेव्हा गायिकेने विनवले, “सर, माझा आवाज अजून थोडा वाढवायला सांगा की ओ.” आम्ही तो वाढवला नाही. गिटारचा अँप्लिफायर जमिनीवर होता, त्यामुळे त्याचा आवाज गिटारवाल्याच्या पोटऱ्यांवर आदळत होता आणि खरा त्रास पलीकडच्या गायिकेला होत होता. तो उचलून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवला, थोडा मागे कलवून गिटारवाल्याच्या कानाकडे वळवला आणि सातवर असलेला आवाज चारवर आणला. त्याला तो पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येऊ लागला. गायिकेच्या मॉनिटरमधून बेस आणि ड्रम पूर्ण काढून टाकायला सांगितले. तिच्या गळ्याशिवाय फक्त थोडा कीबोर्ड ठेवला, सूर धरण्यासाठी. मग तिला माईक ओठांपासून दोन बोटांवर आणायला सांगितले. तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे केले की माईकमध्ये जाणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, आणि यासाठी मिक्सरला हातही लावावा लागत नाही. तिसऱ्या गाण्याला मॉनिटर आधीपेक्षा खाली होता आणि तरीही ती सुरात गायली.

यावरून मी एक सवय लावून घेतली आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बँडला ती पाळायला लावतो. साऊंड चेकची सुरुवात ड्रमने न करता गायकापासून करायची. गायकाचा माईक शिट्टी न वाजता किती वर जातो ते आधी पाहायचे आणि बाकीच्यांनी त्या आवाजाच्या खाली राहायचे. मोठ्या बँडचे तंत्रज्ञ किक ड्रमपासून सुरुवात करतात हे मला माहीत आहे, पण त्यांच्याकडे तास-दोन तास असतात. कॉलेजच्या बँडला दहा मिनिटेही मिळत नाहीत. साऊंड चेकला सर्वांत मोठ्याने वाजणारे गाणे पूर्ण जोरात वाजवावे. दोन-दोन सुरावटी हळूच छेडून “ठीक आहे” म्हणणाऱ्या बँडला संध्याकाळी काय होणार हे दुपारीच दिसते.

गाण्यांचा क्रम आवडीने लावणे

दुसरी चूक कागदावर होते. नवा बँड बहुधा सर्वांत अवघड आणि सर्वांत उंच पट्टीचे गाणे पहिले ठेवतो, कारण सुरुवातीलाच छाप पाडायची असते. त्या क्षणी गळा तापलेला नसतो, बोटे गार असतात आणि मिक्सरवाल्याला अजून कुणाचाच आवाज जुळवायला वेळ मिळालेला नसतो. पहिले गाणे हा प्रत्यक्षात दुसरा साऊंड चेक असतो. म्हणून ते मध्यम लयीचे, गायकाच्या मधल्या पट्टीतले आणि सगळी वाद्ये एकत्र वाजणारे असावे, म्हणजे दोन कडव्यांत मिक्सरवाल्याला सगळे हाती लागते.

एका बँडची यादी आम्ही कशी बदलली ते सांगतो. त्यांना ३० मिनिटे मिळाली होती आणि यादीत चार-चार मिनिटांची सहा गाणी होती, म्हणजे २४ मिनिटे. वायरी जोडण्यात पाच मिनिटे जातात हे कुणी धरलेच नव्हते. शिवाय दुसऱ्या आणि पाचव्या गाण्यासाठी गिटारची सर्वांत जाड तार उतरवून ‘ड्रॉप डी’ करायची होती, म्हणजे तार दोनदा उतरवायची आणि दोनदा चढवायची. अशा प्रत्येक वेळी स्टेजवर शांतता पसरते आणि लोक आपसांत बोलू लागतात. आम्ही एक गाणे राखीव ठेवून पाच निवडली. मधल्या पट्टीतले मराठी गाणे पहिले आले. दुसरे कन्नड, ज्याचे धृपद सभागृह उचलून धरेल असे. ड्रॉप डीची दोन्ही गाणी, त्यांतले एक त्यांची स्वतःची रचना, तिसऱ्या आणि चौथ्या जागी लागोपाठ ठेवली. उंच पट्टीचे गाणे त्यांतलेच होते. ते चौथे आले, तोवर गळा मोकळा झालेला होता. शेवटी सगळ्यांना ठाऊक असलेले हिंदी गाणे घेतले, जे थकल्या गळ्यानेही निभावते. आता तार एकदाच उतरत होती आणि एकदाच चढत होती, आणि त्या दोन्ही वेळी काय बोलायचे व कोणी बोलायचे हे यादीतच लिहून ठेवले.

कन्नड गाण्याविषयी माझे मत ठाम आहे. आपल्याकडच्या कुठल्याही सभागृहात कन्नड भाषक श्रोते असतातच, आणि घेतलेले गाणे त्यांना चुकीच्या उच्चारांनी ऐकवणे हा त्यांचा अनादर आहे. वर्गातल्या कन्नड मित्रासमोर बसून शब्द घोटून घ्यावेत, नाहीतर ते गाणे घेऊ नये.

यादीत वेळ कमी पडल्यास कोणते गाणे गाळायचे यावर आधीच खूण करावी. पाहुण्यांचे भाषण आणि बक्षीस समारंभ लांबतात, आणि उघड्या मैदानावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक वाजवायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे. पावणेदहाला स्टेजवर चढून तिथेच वाद घालणारे बँड मी पाहिले आहेत.

घबराटीत लय पळणे

घबराट हातापायांच्या थरथरण्यापेक्षा लयीत जास्त नुकसान करते. छातीचे ठोके वाढलेले असताना खरी लय संथ वाटते, म्हणून ड्रमर नकळत वेगाने मोजतो आणि गायकाला शब्द म्हणायला वेळ पुरत नाही. यावर उपाय सोपा आहे, पण उतावळी मुले तो टाळतात. प्रत्येक गाण्याची लय मेट्रोनोमवर मोजून आकडा यादीत लिहावा. गाणे सुरू करण्यापूर्वी ड्रमरने मेट्रोनोमचा आवाज बंद ठेवून त्याचा लुकलुकता दिवा पाहावा, त्या लयीत धृपदाची एक ओळ मनात म्हणावी आणि मगच काठ्या वाजवून मोजावे. सगळे त्याच्याकडे पाहत थांबले तरी त्याने घाई करू नये. गायकाने चढण्यापूर्वी श्वास जितका वेळ घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहावा आणि कोमट पाणी जवळ ठेवावे.

मध्येच कुणी चुकले तर थांबू नये. ड्रम आणि बेस चालू राहिले की बाकीच्यांना पुढच्या धृपदावर परत येता येते. हे सरावात मुद्दाम एकाला थांबवून करून पाहावे.

थोडक्यात उरलेल्या

कार्यक्रमाच्या दिवशी नव्या तारा चढवू नयेत. एक-दोन दिवस आधी चढवून ताणून घ्याव्यात. खानापूरच्या थंडीत मैदानावर तारा आकसून चढतात आणि दिव्यांखाली तापून उतरतात, म्हणून ट्यूनिंग दिव्यांखाली उभे राहूनच करावे. शब्द मोबाईलवर पाहून गाऊ नयेत. एक जादा गिटारची वायर आणि ९ व्होल्टची एक नवी बॅटरी कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवावी, कारण “कुणीतरी आणेल” असे म्हटलेली वस्तू येत नाही. आणि शेवटचे गाणे संपल्यावर गिटारची पिन लगेच ओढू नये. मिक्सरवाल्याकडे पाहून त्याने चॅनेल बंद केल्याची खूण मिळाल्यावरच काढावी, नाहीतर मोठा धमाका होऊन त्याचे स्पीकर खराब होऊ शकतात.