नव्या शाखांसह ग्रोथ रिपोर्ट बनवताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की दुकानांची साखळी चालवणाऱ्या प्रत्येक ऑफिसात मालक एकच प्रश्न विचारतात, "गेल्या वर्षीपेक्षा किती वाढलो?" आणि दर वर्षी कोणीतरी दोन्ही वर्षांचे एकूण सेल घेतो, भागाकार करतो आणि आकडा पाठवून मोकळा होतो. मधल्या काळात दोन दुकानं नवीन उघडली, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. मग त्याच आकड्यावर इन्सेंटिव्ह ठरतं, पुढचं टार्गेट ठरतं आणि नव्या जागेचं भाडं कबूल केलं जातं.

एक खरं प्रकरण सांगतो. आकडे सोयीसाठी गोल केलेत. मिठाई-फरसाणाची एक साखळी. गिरगाव, दादर आणि मुलुंड ही जुनी दुकानं. ठाण्याचं दुकान भाऊबीज उलटल्यावर, 18 नोव्हेंबर 2023 ला उघडलं. डोंबिवलीचं 9 जून 2024 ला. रिपोर्ट 2024-25 चा, तुलना 2023-24 शी.

गिरगाव 240 लाखांवरून 252 वर गेलं, दादर 360 वरून 378 वर आणि मुलुंड 180 वरून 171 वर घसरलं. ठाण्याचा पहिल्या वर्षीचा सेल 50 लाख, दुसऱ्या वर्षीचा 168. डोंबिवलीचे 95 लाख, मागे काहीच नाही. सगळं एकत्र केलं तर 830 चे 1,064 झाले, म्हणजे 28.2 टक्के वाढ. हा आकडा खोटा नाही. कंपनीचा व्यवसाय खरंच तेवढा वाढला. पण दुकानं किती चांगली चालली, हे तो सांगत नाही.

सगळ्यात मोठी चूक: "दोन्ही वर्षी सेल आहे ना, मग घ्या"

एकूण आकडा चालत नाही हे कळलं की लोक पुढची पायरी चढतात आणि तिथेच पडतात. डोंबिवलीला मागचं वर्ष नाही, म्हणून ती वगळतात. ठाण्याला दोन्ही वर्षी सेल आहे, म्हणून ठाणे अख्खं घेतात. मग 830 चे 969 होतात, 16.7 टक्के, आणि त्यावर "लाइक-फॉर-लाइक", म्हणजे सारख्याची सारख्याशी तुलना, असं लिहून मोकळे होतात. साडेचार महिन्यांची बारा महिन्यांशी तुलना केली आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

या साखळीत नेमकं हेच झालं. रिपोर्टात ठाण्यासमोर 236 टक्के ग्रोथ आणि मुलुंडसमोर उणे 5. ठाण्याच्या मॅनेजरना सर्वांत मोठं इन्सेंटिव्ह मिळालं. मुलुंडचे मॅनेजर जुने, दुकान उभं करण्यापासून तिथेच. त्यांना मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत जाब विचारला गेला. ते एवढंच म्हणाले, "शेठ, वागळे इस्टेटची माझी गिऱ्हाइकं आता आपल्याच ठाण्याच्या दुकानात जातात." कुणी ऐकलं नाही. दिवाळीच्या आधी ते सोडून गेले आणि दोन कारागीरही त्यांच्याबरोबर गेले.

ते खरं बोलत होते का, हे तपासायला अर्धा तासही लागला नसता. मुलुंडचं वर्ष ठाण्याच्या उद्घाटनाच्या तारखेवर तोडून बघायचं. एप्रिल ते नोव्हेंबर: 124 लाखांवरून 113.8, म्हणजे 8.2 टक्के घट. डिसेंबर ते मार्च: 56 वरून 57.2, म्हणजे 2.1 टक्के वाढ. पहिल्या तुकड्यात मागच्या वर्षी ठाणे जवळजवळ नव्हतंच, या वर्षी आहे. दुसऱ्या तुकड्यात ठाणे दोन्ही वर्षी आहे. दुकान खरोखर बिघडलं असतं, तर घट डिसेंबरनंतरही चालू राहिली असती. ती बरोबर बारा महिन्यांनी थांबली, याचा अर्थ गिऱ्हाईक आपल्याच दुसऱ्या दुकानात गेलं. आणखी खात्री हवी असेल तर बिलांची संख्या आणि सरासरी बिल वेगळं काढा. बिलं कमी झाली आणि सरासरी बिल टिकून आहे, तर संशय आणखी पक्का होतो.

म्हणून मुलुंडचा आकडा "दुरुस्त" करायचा का? अजिबात नाही. उणे 5 तसाच छापायचा आणि खाली मुलुंड-ठाणे जोडीची एक वेगळी ओळ द्यायची. अंदाजाने आकडे वाढवून दिले की पुढच्या वर्षी प्रत्येक मॅनेजर आपापली दुरुस्ती घेऊन येतो.

मग योग्य काय? शाखा नाही, महिना जुळवा

माझी पद्धत साधी आहे. एखादं दुकान तुलनेत आहे की नाही, असा प्रश्न मी विचारत नाही. त्या दुकानाचा तो महिना तुलनेत आहे का, असं विचारतो. मागच्या वर्षी तोच महिना पूर्ण चालला असेल, तरच दोन्ही बाजूंनी घ्यायचा. ठाण्याचा पहिला पूर्ण महिना डिसेंबर 2023. म्हणून ठाण्याचे फक्त डिसेंबर ते मार्च हे चार महिने येतात: 44 लाखांचे 54. नोव्हेंबरचे अर्धवट 6 लाख दोन्हीकडून बाहेर.

आता जुनी तीन दुकानं 780 वरून 801, अधिक ठाण्याचे चार महिने: 824 चे 855. वाढ 3.8 टक्के. अठ्ठावीस नाही, सतराही नाही.

एक्सेलमध्ये A मध्ये शाखा, B मध्ये महिन्याची पहिली तारीख, C मध्ये सेल आणि D मध्ये उद्घाटनाची तारीख ठेवा. मग E मध्ये पहिला पूर्ण महिना, F मध्ये मागच्या वर्षीचा सेल, G मध्ये महिना धरायचा की नाही:

```
E2: =IF(DAY(D2)=1,D2,EOMONTH(D2,0)+1)
F2: =SUMIFS(C:C,A:A,A2,B:B,EDATE(B2,-12))
G2: =IF(EDATE(B2,-12)>=E2,1,0)
```

ज्या ओळींत G एक आहे, त्यांच्यातल्या या वर्षाच्या C ची बेरीज भागिले F ची बेरीज, वजा एक. बस.

यात एक सापळा आहे. D रिकामा राहिला तर एक्सेल तक्रार करत नाही. तो तारीख शून्य धरतो, E मध्ये 1 फेब्रुवारी 1900 येतं आणि कालचं दुकानही सव्वाशे वर्षं जुनं ठरून तुलनेत घुसतं. म्हणून D मधले रिकामे सेल आधी शोधा. ती तारीखही पूजेच्या पत्रिकेवरून घेऊ नका, गिऱ्हाइकाच्या पहिल्या बिलावरून घ्या. पूजा दसऱ्याला आणि बिलिंग पंधरा दिवसांनी, हे मुंबईत नेहमीचं आहे. बिलिंग मशीन लावताना काढलेली टेस्ट बिलं तेवढी बाजूला काढा.

उरलेल्या वाढीचं काय झालं, हे मालक विचारणारच. 234 लाखांची फोड करून द्या: जुळलेल्या महिन्यांतून 31, ठाण्याच्या न जुळलेल्या महिन्यांतून 108, डोंबिवलीतून 95. बेरीज 234 वर यायलाच हवी. आली नाही तर रिपोर्ट पाठवू नका.

सण विसरणं

ही चूक माझ्या डोक्यात जाते, कारण कॅलेंडर भिंतीवर टांगलेलं असतं. गुढीपाडवा 2023 मध्ये 22 मार्चला होता, 2024 मध्ये 9 एप्रिलला, 2025 मध्ये 30 मार्चला. आता हे आर्थिक वर्षांत मांडा. 2023-24 मध्ये एकही पाडवा नाही आणि 2024-25 मध्ये दोन आहेत! श्रीखंड विकणाऱ्या दुकानाला याहून फसवी तुलना मिळणार नाही.

मी पाडव्याच्या आसपासचे तीन दिवस घेतो, नेहमीच्या दिवसांपेक्षा जास्तीचा झालेला सेल काढतो आणि पाडवा वगळून दुसरी ओळ देतो. इथे जुळलेल्या महिन्यांत तो जास्तीचा सेल 18 लाख निघाला, त्यातले 3 लाख ठाण्याचे. वगळल्यावर 824 चे 837, म्हणजे वाढ 1.6 टक्के. 3.8 मधली निम्म्याहून जास्त वाढ पंचांगाची होती. ठाण्याचीही 22.7 टक्क्यांची वाढ 15.9 वर आली. नव्या दुकानाच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं, कारण त्याचे जुळणारे महिनेच चार. त्यातल्या एकात सण आला की सगळं चित्र पालटतं.

हेच 15.9 टक्केही जपून वाचा. मागच्या वर्षीचे ते महिने दुकानाचे अगदी पहिले होते, गल्लीत नाव व्हायचं होतं. म्हणून मी पहिल्या वर्षी नव्या दुकानाची ओळ कायम वेगळी दाखवतो आणि जुन्या तीन दुकानांचे 2.7 टक्केही शेजारी ठेवतो.

बाकीच्या, थोडक्यात

ठाण्याचे 50 लाख साडेचारने भागून बाराने गुणायचे आणि 133 लाख "वर्षाचा बेस" म्हणायचं, हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. त्या साडेचार महिन्यांत ना राखी आहे, ना गणपती, ना दिवाळी. बेस लहान निघणारच.

शाखांच्या टक्क्यांची सरासरी काढू नका. 5, 5, उणे 5 आणि 22.7 यांची सरासरी 6.9 येते, खरा आकडा 3.8. आधी रुपयांची बेरीज, मग टक्के.

डोंबिवलीसमोर `#DIV/0!` दिसलं की घाईवाले `IFERROR` लावून शून्य किंवा शंभर टक्के लिहितात. तिथे "लागू नाही" लिहा. तिची तुलना जुलै 2025 पासूनच सुरू होते.

सेल जीएसटी वगळून घ्या. पॅकबंद, लेबल लावलेल्या फरसाणावरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 चा 5 टक्के झाला आहे, त्यामुळे पुढच्या रिपोर्टात करासकट आकडे घेतले तर घट नसताना घट दिसेल.

रंगकाम किंवा दुरुस्तीसाठी दुकान बंद होतं, तो महिना दोन्ही वर्षांतून काढा. वरचा G हे आपोआप ओळखत नाही, तिथे शून्य हातानेच घालावं लागतं आणि शेजारी कारण लिहावं लागतं. हे बंद दिवस मी शाखेकडून दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत लेखी मागवतो. मार्चअखेर विचारलं तर कुणालाच आठवत नाही, आणि ज्याला आठवतं त्याला नेमके त्याच्या सोयीचेच दिवस आठवतात.