फोटोत भिंत बदला, खिडकी नको: या चुका टाळा

लातुरात मी आर्किटेक्ट आणि बांधकामवाल्यांना घरांचे फोटो Photoshop मध्ये तयार करून देतो. मागणी ठरलेली असते: घर आहे तसंच ठेवा, समोरच्या भिंतीला फक्त काळा दगड किंवा विटा लावून दाखवा. शिकायला येणारी पोरं पहिल्याच दिवशी दगडाचे नमुने डाउनलोड करत बसतात. दगड शेवटी दहा मिनिटांत बसतो. वेळ जातो तो कडा आखण्यात, आणि तिथेच कुणाला धीर नसतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दगड लावायच्या भागाची निवड थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत नेणं. खिडकी भिंतीच्या तोंडाशी नसते, वीतभर आत बसवलेली असते. भिंतीची बाहेरची कड आणि चौकट यांच्यामध्ये भिंतीच्या जाडीची एक पट्टी दिसते. फोटो कोपऱ्यातून काढला असेल तर ही पट्टी खिडकीच्या एकाच बाजूला दिसते. तिच्यावर दगड चढवला की खिडकी त्या बाजूने अरुंद होते आणि तिचा मध्यही सरकतो.

हे मी स्वतः भोगलंय. एका घराच्या फोटोत एक खिडकी पट्टीसकट २७० पिक्सेल रुंद होती, त्यात पट्टी ३० पिक्सेलची. घाईत मी ती भिंतीतच धरली. उरली २४० ची खिडकी, मध्य १५ पिक्सेल बाजूला. माझ्या नजरेला काही खटकलं नाही. घरमालकाच्या आईंनी मात्र दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि विचारलं, "देवघराची खिडकी बारीक का केली रे बाळा?" पुढचा अर्धा तास मालक खिडकी बदलणार की काय, यावरच बोलत राहिले. दगड कुणी पाहिलाच नाही. रात्री बसून सगळं नव्याने आखलं.

तेव्हापासून मी Magic Wand वापरत नाही. पट्टी आणि भिंत एकाच रंगाची असते, ते हत्यार दोन्ही एकत्रच उचलणार. Pen Tool घ्यायचं, भिंतीच्या बाहेरच्या कडेवरून आखायचं, आणि पट्टी, चौकट, खालची सिल, वरचा छज्जा हे सगळं निवडीबाहेर ठेवायचं. पट्टीलाही दगड हवा असं आर्किटेक्टने सांगितलं तर तो वेगळ्या लेयरवर, वेगळ्या कलाने बसवायचा. दोन्ही कडा जागच्या जागी राहतात.

दुसरी चूक फसवी आहे, कारण तिच्यात एक पिक्सेलही हलत नाही. विटेचं माप चुकतं. मॉड्युलर वीट ९ सेंटिमीटर उंच, सांधा धरून एक थर १० सेंटिमीटरचा. म्हणजे १२० सेंटिमीटर उंच खिडकीशेजारी बारा थर यायला हवेत. वीस आले तर डोळा थरांवरून माप घेतो आणि खिडकी दोन मीटरची, दारासारखी वाटते. मी दर वेळी एका खिडकीशेजारचे थर बोटाने मोजतो. कंटाळवाणं आहे, पण दुसरा भरवशाचा उपाय मला माहीत नाही.

कठड्याची रेघ बिघडते ती मऊ ब्रशमुळे. दगड आभाळात सांडतो, मग पोरं वरून निळं आभाळ रंगवतात आणि कठडा दोन-तीन पिक्सेल खाली येतो. निवड कठड्याच्या कडेच्या एक पिक्सेल आत थांबवा. टाकी, तारा, समोर आलेली लिंबाची फांदी यांना हात लावू नका. तिरकेपणा घालवायचा असेल तर Lens Correction अगदी सुरुवातीला, निवड आखण्याआधी. नंतर फक्त दगडाचा लेयर ताणायचा, मूळ फोटो कधीच नाही.

छज्ज्याची सावली पुसली तर खिडकी भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसते. मूळ भिंतीची रंग काढलेली प्रत दगडावर Multiply करून ठेवा, सावली परत येते. काळ्या दगडावर तिची Opacity कमी करा, नाहीतर सगळं कोळशासारखं होतं.

आणि फोटो पाठवण्याआधी एक तपासणी, जी टाळलेली मला चालत नाही. मूळ फोटोची प्रत, Lens Correction केलं असेल तर त्यानंतरची, सगळ्यात वर ठेवा आणि तिला Difference लावा. जिथे काही बदललं नाही तो भाग काळा दिसतो, भिंत तेवढी उजळते. त्याच्यावर Levels घालून पांढरा स्लायडर २० पर्यंत डावीकडे ओढा, म्हणजे पुसट फरकही वर येतो. खिडकीभोवती किंवा कठड्यावर उजळ रेघ दिसली तर कड तिथेच चुकली आहे. हे लहान आकार करून JPEG काढण्याआधी करा. नंतर केलं तर सगळीकडे बारीक ठिपके उमटतात आणि खरी रेघ त्यांत हरवते. देवघराच्या खिडकीची ती जुनी फाइल मी नंतर अशी तपासली, तेव्हा ३० पिक्सेलची उभी पट्टी लख्ख उजळून समोर आली.